नव्या फोनवर बॅकअप सापडत नाही तेव्हा

व्हॉट्सॲपवरच्या संभाषणांचा संग्रह कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेला नसतो. संदेश समोरच्याच्या फोनवर पोहोचला की सर्व्हरवरून तो काढून टाकला जातो. त्यामुळे नवा फोन घेऊन त्यावर आपला नंबर नोंदवला की गट दिसतात, संपर्क दिसतात, पण जुनी संभाषणे आपोआप येत नाहीत. ती आणायची तर जुन्या फोनने आधी कुठेतरी ठेवलेली प्रत, म्हणजे बॅकअप, नव्या फोनला सापडावी लागते. अँड्रॉइड फोनवर ही प्रत दोन ठिकाणी असू शकते: वापरकर्त्याच्या गूगल खात्यात, आणि फोनच्या स्वतःच्या स्टोरेजमधल्या एका फोल्डरमध्ये. नवा फोन ‘बॅकअप सापडला नाही’ असे सांगतो तेव्हा बहुतेक वेळा प्रत नष्ट झालेली नसते. ॲपने ती चुकीच्या ठिकाणी शोधलेली असते, किंवा योग्य ठिकाणी शोधूनही ती वाचता आलेली नसते. यातले नेमके काय झाले हे ओळखणे हेच दुरुस्तीचे मुख्य काम आहे.

गूगल खात्यातला बॅकअप बँकेच्या लॉकरसारखा दोन किल्ल्यांनी उघडतो. एक किल्ली म्हणजे तो मोबाइल नंबर आणि दुसरी म्हणजे बॅकअप घेताना निवडलेले गूगल खाते. दोन्ही तेच असावे लागतात. नंबर सहसा चुकत नाही, कारण लोक तेच सिमकार्ड नव्या फोनमध्ये घालतात. खाते मात्र हमखास चुकते. एकाच माणसाची दोन-तीन जीमेल खाती असतात: एक नोकरीच्या वेळी काढलेले, एक मुलाने काढून दिलेले, एक दुकानदाराने फोन विकताना घाईघाईने तयार केलेले. हे शेवटचे खाते विशेष घातक ठरते. फोन सुरू करताना खाते लागते, ग्राहकाला जुना पासवर्ड आठवत नाही, म्हणून काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटांत नवे खाते काढून देतो. फोन व्यवस्थित चालू लागतो, पण त्या खात्यात बॅकअप असण्याची शक्यताच नसते.

म्हणून तपासणीची सुरुवात जुन्या फोनवरून करावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ हे पान आहे. तिथे चार गोष्टी दिसतात: फोनमधल्या प्रतीची वेळ, गूगलवरच्या प्रतीची वेळ, तिचा आकार, आणि कोणते खाते निवडले आहे. नव्या फोनवर नंबर नोंदवण्याआधीच या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे शहाणपणाचे, कारण नव्या फोनवर नोंदणी झाली की जुन्या फोनवरचे ॲप बंद होते आणि हे पान उघडता येत नाही.

ती वेळ गेली असेल तरी मार्ग आहे. गूगल ड्राइव्ह ॲप उघडून बाजूच्या मेनूतला ‘बॅकअप’ हा भाग पाहावा. संगणकावर ड्राइव्हच्या ‘स्टोरेज’ पानावरून तिथे जाता येते. व्हॉट्सॲपचा बॅकअप असेल तर तो तारखेसह यादीत दिसतो. ड्राइव्हमधल्या नेहमीच्या फायलींत तो शोधून सापडत नाही, कारण तो ॲपच्या लपवलेल्या डेटामध्ये असतो. तो उघडता येत नाही, डाउनलोडही करता येत नाही. पुसता मात्र येतो. आपली जितकी खाती असतील तितक्या खात्यांनी एकेक करून आत जाऊन ही यादी पाहावी. ज्या खात्यात ती नोंद दिसेल ते खाते नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जोडले की अर्धे काम झाले.

खाते बरोबर असूनही तिथली तारीख जुनी निघते, हा दुसरा नेहमीचा प्रकार. त्याचे कारण बहुधा जागा. 2018 च्या नोव्हेंबरपासून अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲप बॅकअप गूगलच्या मोफत जागेत मोजले जात नव्हते. ही सवलत 2024 च्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने संपली. आता जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांना मिळून मिळणाऱ्या 15 जीबीमध्येच व्हॉट्सॲपचा बॅकअपही बसतो. गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ यांनी ही जागा भरली की त्या दिवसापासून नवा बॅकअप जाणे थांबते. सूचना येते, पण ती वाचतो कोण! प्रत तिथे असते, मात्र ती जागा भरण्याच्या आधीची. खाते भरले की काही जण जागा करण्यासाठी ड्राइव्हमधली सर्वांत मोठी वस्तू शोधून पुसतात, आणि ती वस्तू कधी कधी हा बॅकअपच असतो.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. नव्या फोनवर नंबरची पडताळणी झाली की ॲप परवानग्या मागते आणि बॅकअप शोधते. परत आणण्याचा पर्याय फक्त याच टप्प्यावर मिळतो. तो वगळून पुढे गेले की ॲप रिकामे सुरू होते आणि नंतर सेटिंग्जमध्ये कितीही शोधले तरी ‘परत आणा’ असे बटण मिळत नाही. त्यासाठी ॲप काढून पुन्हा बसवावे लागते. पण रिकामे ॲप सुरू झाल्यावर एक घड्याळही सुरू झालेले असते. व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 च्या सुमारास फोनमध्ये नवी प्रत बनवते, आणि गूगल बॅकअप चालू असेल तर ठरलेल्या वेळी तीच प्रत वर पाठवते. गूगल खात्यात एका नंबरची एकच प्रत राहते. नवी आली की जुनी मिटते आणि ती परत मिळवण्याची सोय नाही. म्हणजे बरोबर खाते जोडलेले असताना बॅकअप वगळून कुणी ॲप वापरू लागले, तर एखाद्या दिवसाच्या चार-दोन संदेशांची प्रत पाच वर्षांच्या संग्रहाच्या जागी बसू शकते. म्हणून बॅकअप सापडला नाही तर पहिले काम शोध घेण्याचे नाही. आधी नव्या फोनवरच्या ‘चॅट बॅकअप’ पानावर जाऊन आपोआप होणारा गूगल बॅकअप बंद करावा. मग निवांत शोधावे.

दुसरे ठिकाण फोनच्या आतले. इंटरनेट नसले, गूगल खाते जोडलेले नसले तरी रोजची प्रत या फोल्डरमध्ये पडत असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

फार जुन्या फोनांवर हेच फोल्डर थेट स्टोरेजच्या पहिल्या पातळीवर, `WhatsApp/Databases` असे असते. त्यातली ताजी फाइल `msgstore.db.crypt14` किंवा `msgstore.db.crypt15` या नावाची असते, आणि तिच्या शेजारी मागच्या काही दिवसांच्या प्रती नावात तारीख घेऊन असतात. `msgstore` या फायलीत फक्त संदेश असतात. फोटो, व्हिडिओ आणि आवाजी संदेश शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे फक्त पहिली फाइल नेली तर संभाषणे येतात, पण चित्रांच्या जागी धूसर चौकटी राहतात. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप आहे आणि त्याचे फोल्डर `com.whatsapp.w4b` या नावाखाली असते. दुकानाचा नंबर जुन्या फोनवर बिझनेस ॲपमध्ये होता आणि नव्या फोनवर साधे व्हॉट्सॲप बसवले, तर बॅकअप सापडणार नाही हे उघड आहे. बाजारात फिरणाऱ्या ‘जादा सोयीं’च्या अनधिकृत आवृत्त्यांचेही तेच. त्यांच्या प्रती त्यांच्याच फोल्डरमध्ये जातात आणि मूळ ॲप तिथे पाहत नाही.

फायलीच्या नावातला `crypt` नंतरचा आकडा तिसऱ्या अडचणीकडे नेतो, ती म्हणजे आवृत्तीची. प्रत कुलूपबंद करण्याची पद्धत कंपनी अधूनमधून बदलते आणि हा आकडा त्या पद्धतीचा असतो. नवी आवृत्ती जुन्या पद्धतीची प्रत सहसा वाचते. जुन्या आवृत्तीला नव्या पद्धतीची प्रत वाचता येत नाही, आणि तसे ती स्पष्ट सांगेलच असे नाही. फाइल समोर असूनही ती ‘सापडली नाही’ म्हणते. नव्याकोऱ्या फोनवर जुनी आवृत्ती कशी येईल, असे वाटू शकते. फोनमध्ये आधीपासून बसवलेले ॲप अनेक महिन्यांपूर्वीचे असते. कुणी मित्राच्या फोनवरून ॲपची फाइल थेट पाठवून घेतलेली असते. जुन्या फोनवर चाचणी आवृत्ती, म्हणजे बीटा, चालू असेल तर तीही नेहमीच्या आवृत्तीच्या पुढे असते. पडताळणीसाठी दोन्ही फोनांच्या सेटिंग्जमध्ये मदत आणि मग ॲपची माहिती हे पान पाहावे. ॲप बंद झालेल्या जुन्या फोनवर हाच क्रमांक फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत मिळतो. अँड्रॉइडवर हा क्रमांक `2.24` किंवा `2.25` असा सुरू होतो आणि त्यातला दुसरा भाग वर्ष सांगतो. नव्या फोनवरचा क्रमांक जुन्याइतका किंवा त्याहून मोठा असला पाहिजे. नसेल तर प्ले स्टोअरवरून ॲप अद्ययावत करून मगच पडताळणीचा नंबर टाकावा. फायलीच्या नावातला आकडा हाताने बदलून `crypt15` चे `crypt14` करणे हा उपाय मात्र नव्हे. नाव बदलल्याने आतले कुलूप बदलत नाही.

या सगळ्या तपासण्या एका प्रकरणात कशा लागू होतात ते पाहावे. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने 20 जानेवारीला नवा अँड्रॉइड फोन घेतला. दुकानात नवे जीमेल खाते काढले गेले, सकाळी 11 वाजता व्हॉट्सॲपवर नंबर नोंदवला, बॅकअप सापडला नाही, आणि ‘पुढे’ दाबत दाबत ॲप रिकामे सुरू झाले. जुना फोन घरीच आहे. त्यातले व्हॉट्सॲप आता पुन्हा नंबर मागते आहे. तो नंबर तिथे परत टाकण्याची घाई करू नये. वारंवार पडताळणी मागितली की पुढच्या ओटीपीसाठी थांबण्याचा काळ वाढत जातो.

त्यांनी आधी नव्या फोनवरचा आपोआप बॅकअप बंद केला. मग जुन्या फोनवरचे ड्राइव्ह उघडले. त्यातल्या खात्यात व्हॉट्सॲपचा बॅकअप होता, पण तारीख 9 नोव्हेंबरची. खात्याची 15 जीबी जागा भरलेली. म्हणजे हे खाते नव्या फोनला जोडले असते तर संभाषणे आली असती, फक्त शेवटचे दहा आठवडे गेले असते. इथे पुष्कळ लोक समाधान मानतात. पण जुना फोन हाताशी असताना ते मानायचे कारण नाही. त्याच फोनच्या `Databases` फोल्डरमध्ये `msgstore.db.crypt14` ही फाइल होती, 20 जानेवारीची पहाटे 2 ची. नव्या फोनवर नोंदणी होण्याच्या नऊ तास आधीची, म्हणजे जवळजवळ संपूर्ण संग्रह.

ती आणण्याचा क्रम असा. जुना फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून `com.whatsapp` फोल्डरमधला संपूर्ण `WhatsApp` फोल्डर संगणकावर उतरवून घ्यायचा. हे झाल्याशिवाय जुन्या फोनवरचे ॲप काढायचे नाही. ॲपबरोबर ते फोल्डरही पुसले जाऊ शकते. नव्या फोनवर सकाळपासून आलेले एखादे महत्त्वाचे संभाषण असेल तर ते ‘चॅट एक्सपोर्ट’ने स्वतःला ईमेल करून ठेवायचे, कारण पुढच्या पायरीत ते जाणार आहे. मग नव्या फोनवरचे व्हॉट्सॲप काढून प्ले स्टोअरवरून पुन्हा बसवायचे, पण उघडायचे नाही. संगणकावरचा `WhatsApp` फोल्डर नव्या फोनच्या `Android/media/com.whatsapp` मध्ये ठेवायचा. हे फोल्डर नसेल तर याच नावाने तयार करायचे. यानंतर ॲप उघडून तोच नंबर टाकायचा आणि फायली पाहण्याची परवानगी द्यायची. ही परवानगी नाकारली तर समोर ठेवलेली प्रतही ॲपला दिसत नाही.

शिक्षिकेच्या नव्या फोनवर नोव्हेंबरच्या प्रतीचे खाते जोडलेले नव्हते, हे इथे पथ्यावर पडले. ते जोडलेले असते तर ॲपने गूगलवरची जुनी प्रत पुढे केली असती आणि घाईत तीच स्वीकारली गेली असती. म्हणून फोनमधली प्रत हवी असेल तेव्हा ते खाते नव्या फोनवरून तात्पुरते काढून ठेवणे बरे. मग शोधायला आतले फोल्डरच उरते. पडद्यावर प्रतीची तारीख आणि आकार दिसतो. तारीख 20 जानेवारी आहे याची खात्री करून मगच होकार द्यायचा. सर्व नीट आले की जुने खाते जोडून, त्यात जागा करून, बॅकअप पुन्हा चालू करता येतो.

तारीख बरोबर, खाते बरोबर, आवृत्ती बरोबर, आणि तरी काम मध्येच अडकते, असेही होते. अशा वेळी कारणे साधी असतात. प्रत 6 जीबीची आणि फोनमध्ये मोकळी जागा 4 जीबी असेल तर ती उतरणार नाही. वाय-फाय अधूनमधून तुटत असेल तर टक्केवारी एका आकड्यावर थबकते. गूगल खात्यातून परत आणताना आधी संदेश येतात आणि फोटो-व्हिडिओ नंतर मागे मागे उतरत राहतात. त्यामुळे संदेश दिसतात पण चित्रे नाहीत, ही स्थिती पहिल्या काही तासांत बिघाड समजू नये. फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर ठेवून रात्र जाऊ द्यावी.

एका अडचणीला मात्र तांत्रिक उपाय नाही. 2021 च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲपने बॅकअपला स्वतंत्र कुलूप लावण्याची सोय दिली. वापरकर्ता एक पासवर्ड ठरवतो किंवा 64 अंकांची किल्ली लिहून ठेवतो, आणि त्यानंतर ती प्रत गूगलला किंवा व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. ज्यांनी हे कुलूप लावले आणि पासवर्ड विसरला, त्यांना ओटीपी येऊनही प्रत मिळत नाही, आणि चुकीचे पासवर्ड टाकण्याला मर्यादा आहे. जुन्या फोनवर ॲप अजून चालू असेल तर तिथे ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन पासवर्ड बदलता येतो आणि मग नवी प्रत घेता येते. ती वेळ टळून गेली असेल तर ‘बॅकअप उघडून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दुकानदाराकडे जाण्यात अर्थ नाही.

आयफोनवर तत्त्व तेच, ठिकाण वेगळे. तिथे प्रत आयक्लाउडमध्ये जाते, ॲपल खाते तेच असावे लागते आणि आयक्लाउड ड्राइव्ह चालू असावा लागतो. मोफत जागा फक्त 5 जीबी आहे. प्रतीच्या आकाराच्या 2.05 पट जागा आयक्लाउडमध्ये आणि फोनवरही मोकळी ठेवावी, असे व्हॉट्सॲप सांगते. आयक्लाउडमधली प्रत अँड्रॉइडवर उतरत नाही आणि गूगलमधली आयफोनवर उतरत नाही. नव्या फोनची जातच बदलली असेल तर गूगल किंवा आयक्लाउडची खाती तपासत बसण्यात वेळ जातो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप वापरावे लागते, आणि तेही आयफोन नवाकोरा किंवा पूर्ण रिकामा करून पहिल्यांदा सुरू करताना.

दोन्ही फोन एकाच जातीचे आणि दोन्ही चालू स्थितीत असतील तर बॅकअपची गरजच पडत नाही. 2023 पासून सेटिंग्जमधल्या ‘चॅट्स’ भागात ‘चॅट्स ट्रान्सफर करा’ हा पर्याय आहे. नव्या फोनवर नोंदणी करताना दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन केला की सगळा संग्रह एका फोनमधून थेट दुसऱ्यात जातो. खाते, त्यातली जागा, फोल्डर, कशाचाच प्रश्न येत नाही. अट एकच, जुना फोन हातात असला पाहिजे. म्हणून एक्स्चेंजमध्ये देण्यासाठी तो पुसायचा असेल, तर आधी नव्या फोनवर सर्वांत जुन्या संभाषणापर्यंत वर सरकवून पाहावे, दोन-चार जुने फोटो उघडून पाहावेत, आणि ते उघडले तरच जुना फोन दुकानदाराच्या हाती द्यावा.